नऊ वाजून सात मिनिटं: सकाळचा पहिला भाव कोण ठरवतं?

या भागाचं रेकॉर्डिंग ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी हे नेहमीसारखं लिहून काढलंय. बोलताना मी जिथे भरकटलो तिथे थोडी कात्री लावली आहे, पण सगळीकडे नाही.

सुरुवात करतो १६ सप्टेंबर २०२४ पासून. सोमवार होता. दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी, त्यामुळे पुण्यात काय वातावरण होतं ते सांगायला नको. आमच्या गल्लीत सकाळी साडेआठलाच कोणीतरी ताशा गरम करून बघत होतं. मी आणि आई डायनिंग टेबलाशी बसलो होतो, मध्ये मोबाईल, बाजूला चहा. आईच्या डिमॅट खात्यात बजाज हाउसिंग फायनान्सचा एक लॉट लागला होता. पुण्याचीच कंपनी. २१४ शेअर्स, ७० रुपयांनी, म्हणजे १४,९८० रुपये. आयपीओला सव्वातीन लाख कोटींच्या आसपास मागणी आली होती आणि विकायला होते साडेसहा हजार कोटींचे शेअर्स. म्हणजे लॉट लागणं हीच लॉटरी.

आईचं म्हणणं एकच. "दुप्पट झाले तर वीक. घराला रंग काढायचाय." दुप्पट म्हणजे १४०. मी ९ वाजून काही मिनिटांनी विक्रीची ऑर्डर टाकली, १४० रुपये लिमिट. दहाच्या आधी मेसेज आला की सगळे २१४ शेअर्स विकले गेले, १५० रुपयांनी.

आईने चष्मा वर केला. "तू १४० लिहिलं होतंस ना? मग हे वरचे दहा रुपये कुणी दिले?"

खरं सांगू? मला नीट सांगता आलं नाही. 'मार्केटने दिले' असं काहीतरी बोललो. आणि त्याच दिवशी दुपारी कॉलेजच्या मित्राचा फोन आला. त्यानेही त्याच सकाळी ऑर्डर टाकली होती, पण खरेदीची. भाव न लिहिता, नुसती मार्केट ऑर्डर, १०० शेअर्स. त्यालाही १५० नेच मिळाले. १४० लिहिणाऱ्या आईला १५० मिळाले, काहीच न लिहिणाऱ्या मित्राला १५० द्यावे लागले. हा १५० चा आकडा आला कुठून? आजचा भाग त्यावर.

त्यासाठी आधी थोडं मागे जाऊ. माझे एक काका तरुणपणी एका ब्रोकरकडे कारकून होते. पुण्याचा स्वतःचा शेअर बाजार होता हे तुमच्यापैकी कितीजणांना माहितीये? पुणे स्टॉक एक्स्चेंज. १९८२ मध्ये सुरू झालं, सदाशिव पेठेत कुमठेकर रस्त्यावर. २०१५ मध्ये सेबीच्या आदेशाने अधिकृतपणे गुंडाळलं गेलं, पण त्याच्या बऱ्याच आधीपासून तिथे सौदे होणं थांबलं होतं, कारण मुंबईचे दोन मोठे बाजार घरातल्या कॉम्प्युटरवर आले होते. काकांना मी विचारलं, तुमच्या वेळी सकाळचा पहिला भाव कसा ठरायचा? ते हसले. "ठरायचा कसला? घाई असलेला एक माणूस आणि त्याची घाई ओळखणारा दुसरा माणूस. त्यांचा सौदा झाला की तो पहिला भाव."

काकांचं हे वाक्य मी लिहून ठेवलंय, कारण सगळी अडचण त्यातच आहे. बाजार दुपारी साडेतीनला बंद होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उघडतो. मधल्या सतरा-अठरा तासांत अमेरिकेत काहीतरी होतं, कंपनीचे निकाल लागतात, सरकार बदलतं. हजारो लोकांची मतं बदललेली असतात, पण सौदा एकही झालेला नसतो. अशा वेळी दार उघडल्यावर जो पहिला आत घुसेल त्याचा भाव सगळ्यांचा 'ओपन' मानायचा? तो दहा शेअर्सचा सौदा असू शकतो. तो चुकून टाइप केलेला आकडासुद्धा असू शकतो.

यावर उपाय नवीन नाही, उलट तोच जुना आहे. एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्कच्या बाजारात सभासद आपापल्या खुर्च्यांवर बसायचे, एकेका कंपनीचं नाव पुकारलं जायचं आणि त्या पुकाऱ्यात त्या कंपनीचे सौदे व्हायचे. सभासदत्वाला 'सीट' म्हणतात ते त्या खुर्च्यांवरून. १८७१ मध्ये त्यांनी ती पद्धत सोडून दिवसभर अखंड सौदे सुरू केले. पॅरिसच्या बाजारातही एका वेळी सगळी मागणी आणि सगळा पुरवठा समोर ठेवून भाव काढायची पद्धत होती. लेऑं वालरास नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १८७४ च्या आपल्या ग्रंथात बाजाराचा समतोल समजावताना उदाहरण घेतलं ते तिथलंच. मुद्दा एवढाच, की आधी सगळ्यांना गोळा करा, मग एकच भाव काढा.

तुम्ही म्हणाल, म्हणजे गुलटेकडीच्या मार्केट यार्डातल्या लिलावासारखं. तसं म्हणता येईल, पण एक मोठा फरक आहे. मार्केट यार्डात कांद्याच्या प्रत्येक वक्कलाचा वेगळा लिलाव होतो. शेजारच्या दोन ढिगांना दोन भाव मिळतात, कारण माल वेगळा असतो. शेअरमध्ये माल एकसारखाच. बजाजचा माझा शेअर आणि तुमचा शेअर यात फरक शून्य. त्यामुळे इथे एकेका ढिगाची बोली नाही. सगळे ढीग एकत्र ओतायचे, सगळे व्यापारी एकत्र उभे करायचे आणि सगळ्यांना लागू होईल असा एकच भाव काढायचा.

आपल्याकडेही हे आधी करून झालं होतं. एनएसईवर शेअर्सचे सौदे १९९४ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झाले. त्या दशकात एनएसईवर दिवसाच्या सुरुवातीलाही असा लिलाव होता आणि शेवटीही होता. जून १९९९ मध्ये दोन्ही बंद झाले. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. पुढची अकरा वर्षं मोठमोठ्या कंपन्यांचा सकाळचा भाव पुन्हा काकांच्या पद्धतीने ठरत होता. फक्त आरडाओरड्याऐवजी कीबोर्ड.

आणि मग आला १८ मे २००९.

लोकसभेचे निकाल शनिवारी, १६ मेला लागले होते. यूपीए पुन्हा येणार, तेही डाव्यांच्या कुबड्यांशिवाय. हे बाजाराला अनपेक्षित होतं. शनिवार-रविवार बाजार बंद. म्हणजे दोन दिवस देशभरातल्या लोकांनी खरेदीची यादी मनात करून ठेवली होती. तेव्हा बाजार ९:५५ ला उघडायचा. सोमवारी ९:५५ ला उघडला आणि एका मिनिटाच्या आत निर्देशांकाचं वरचं सर्किट लागलं. विकायला जवळपास कोणी नाही, घ्यायला सगळे. नियमाप्रमाणे सौदे थांबले. दोन तासांनी, ११:५५ ला पुन्हा उघडलं, पुन्हा सर्किट, आणि यावेळी दिवसभरासाठी बंद. सेन्सेक्स २,११० अंकांनी वर, म्हणजे १७ टक्क्यांहून जास्त, आणि प्रत्यक्षात बाजार चालला होता साधारण एक मिनिट.

काका सांगतात, त्या दिवशी ऑफिसात फोन वाजायचे थांबत नव्हते आणि ब्रोकरसाहेबांकडे एकच उत्तर होतं, "अहो, उघडलंच नाही!" ज्यांच्याकडे विकायला शेअर्स होते, ते त्या मिनिटात विकू शकले नाहीत. ज्यांनी त्या काही सेकंदांत सौदे केले त्यांचा भाव हा देशाचा भाव झाला. शनिवार-रविवारच्या सगळ्या विचाराला जागा मिळाली ती एका मिनिटाची. माझ्या मते सुरुवातीच्या लिलावाची बाजू त्या दिवसाइतकी नीट कुठल्याही समितीने मांडली नसती.

सेबीने २०१० च्या जुलैमध्ये परिपत्रक काढलं आणि १८ ऑक्टोबर २०१० पासून एनएसई आणि बीएसई या दोन्हींवर प्री-ओपन सत्र सुरू झालं. आधी फक्त निफ्टी आणि सेन्सेक्समधल्या कंपन्यांसाठी, २०१३ पासून बाकीच्या बहुतेक शेअर्ससाठी. तुमच्या अॅपवर ९ ते ९:१५ मध्ये जे आकडे नाचतात ते हेच.

ही पंधरा मिनिटं म्हणजे एकच तुकडा नाही. ९ ते ९:०८ मध्ये ऑर्डर टाकता येते, बदलता येते, रद्द करता येते, पण सौदा एकही होत नाही. गंमत अशी की हे दार बरोबर ९:०८ ला बंद होत नाही. ९:०७ ते ९:०८ मधल्या कुठल्या तरी सेकंदाला, आधी न सांगता बंद होतं. का, ते थोड्या वेळाने. त्यानंतर ९:१२ पर्यंत कॉम्प्युटर भाव काढतो आणि सौदे जुळवतो, तेव्हा तुम्हाला काही करता येत नाही. शेवटची तीन मिनिटं नुसती उसंत. मग ९:१५ ला नेहमीचा बाजार.

आता भाव कसा निघतो ते एका छोट्या उदाहरणाने बघू. कागद घ्या, गाडी चालवत ऐकत असाल तर घेऊ नका.

एक शेअर आहे, काल बंद झाला १०० रुपयांना. आज सकाळी घेणारे तीनच. पहिला म्हणतो, १०४ पर्यंत द्यायला तयार आहे, २०० शेअर्स हवेत. दुसरा म्हणतो १०२ पर्यंत, ३०० हवेत. तिसरा म्हणतो १०० च्या वर एक पैसा नाही, ४०० हवेत. विकणारेही तीन. एकाला ९९ मिळाले तरी चालतील, त्याच्याकडे २५० आहेत. दुसऱ्याला कमीत कमी १०१ हवेत, २५० शेअर्स. तिसरा १०३ च्या खाली विकणार नाही, ३००.

कॉम्प्युटर प्रत्येक भावाला एकच प्रश्न विचारतो: या भावाला किती शेअर्सचे सौदे होतील? १०० ला घेणारे ९०० चे आहेत, पण विकणारा फक्त २५० चा, म्हणजे सौदे २५०. १०३ ला विकणारे ८०० चे आहेत, पण घेणारा उरतो फक्त १०४ वाला, सौदे २००. १०१ ला घेणारे ५०० चे, विकणारे ५०० चे, सौदे ५००. सर्वात जास्त सौदे जिथे होतील तो भाव. हा पहिला नियम.

पण थांबा, १०२ ला पण बघा. तिथेही घेणारे ५००, विकणारे ५००. बरोबरी झाली. मग दुसरा नियम: ज्या भावाला न जुळलेले शेअर्स कमीत कमी उरतील तो. इथे दोन्हीकडे शून्य. परत बरोबरी. मग तिसरा नियम: कालच्या बंद भावाच्या जवळचा. काल १०० होता, म्हणून १०१. झालं, आजचा ओपन १०१.

आता बघा, १०४ लिहिणाऱ्याला शेअर १०१ ला मिळाला. ९९ लिहिणाऱ्यालाही १०१ मिळाले. तुम्ही लिहिलेली लिमिट ही फक्त तुमची हद्द असते, भाव सगळ्यांचा मिळून एक. आईच्या वरच्या दहा रुपयांचं उत्तर हे आहे. ते कुणी मेहेरबानी म्हणून दिलेले नव्हते. ज्यांनी लिलावात १५० किंवा त्याहून जास्त द्यायची तयारी दाखवली होती, त्यांच्या आणि आईच्या मध्ये एकच भाव निघाला. आणि ज्यांची ऑर्डर जुळली नाही, म्हणजे आपल्या उदाहरणातला १०० वाला आणि १०३ वाला, त्यांची ऑर्डर वाया जात नाही. ती ९:१५ ला नेहमीच्या बाजारात पुढे जाते.

मार्केट ऑर्डरचं काय? ती म्हणजे 'जो भाव निघेल तो'. तिला स्वतःचं मत नसतं, भाव ठरवण्यात तिचा आवाज क्षीण, पण ठरलेला भाव मात्र तिला मुकाट्याने मान्य. माझ्या मित्राने नेमकं हेच केलं होतं.

आता ते अचानक बंद होणारं दार. आपल्याच उदाहरणात समजा ९:०२ ला कुणीतरी १०५ रुपयांनी १,००० शेअर्सची खरेदी टाकली. गणित पुन्हा करा. आता १०३, १०४, १०५ या तिन्ही भावांना ८०० सौदे होतात, म्हणजे बरोबरी. न जुळलेले शेअर्स १०५ ला सगळ्यात कमी, फक्त २००. म्हणून स्क्रीनवर अंदाजे भाव १०१ चा १०५ होतो. तुम्ही मोबाईलवर बघता, वाटतं, अरे शेअर पाच टक्के वर उघडतोय! तुम्हीही घाईत वरची ऑर्डर टाकता. आणि ९:०६ ला तो हजारवाला आपली ऑर्डर रद्द करतो. त्याला शेअर घ्यायचेच नव्हते, त्याला तुमची ऑर्डर वर आणायची होती, कारण त्याच्याकडे विकायला माल आहे. दार नक्की किती वाजता बंद होणार हे माहीत नसेल, तर शेवटच्या सेकंदाला रद्द करायची हिंमत कमी होते. आधी बंद झालं तर ते हजार शेअर्स त्याच्या गळ्यात पडतील.

म्हणूनच सकाळी ९:०३ ला दिसणाऱ्या 'गॅप अप'च्या स्क्रीनशॉटवर मी भरवसा ठेवत नाही. तो भाव नसतो, आत्तापर्यंत आलेल्या ऑर्डरींचं गणित असतं. खोटी वाटणारी ऑर्डर ओळखायची एक साधी खूण आहे: एकाच भावाला एकदम मोठी संख्या दिसते आणि शेवटच्या मिनिटाकडे सरकताना ती नाहीशी होते. पण आधी नाही, नंतरच कळतं, हे मान्य करायला हवं.

आयपीओच्या पहिल्या दिवशी हा खेळ आणखी मोठा असतो, कारण तिथे 'कालचा बंद भाव' नावाचा खुंटाच नाही. असते ती फक्त आयपीओची किंमत. म्हणून त्यांचं सत्र वेगळं आणि लांब. २०१२ पासून आहे. ९ ते ९:४५ ऑर्डरी, पुढची दहा मिनिटं भाव काढणं आणि जुळवणं, पाच मिनिटं उसंत, आणि १० वाजता खुला बाजार. पाऊण तास म्हणजे आशेला आणि लबाडीलाही भरपूर वेळ. मोठ्या ऑर्डरी टाकून मागणीचा देखावा करायचा आणि सत्र संपता संपता त्या रद्द करायच्या असे प्रकार दिसल्यावर सेबीने २०२४ च्या जूनमध्ये नियम कडक केला. दार ३५ व्या ते ४५ व्या मिनिटाच्या मध्ये कधीही बंद होऊ शकेल असं ठरलं. सत्राच्या शेवटी अनिश्चितता मिनिटाची होती, ती दहा मिनिटांची झाली.

तर १६ सप्टेंबरला बजाज हाउसिंगचा समतोल भाव निघाला १५०. दोन्ही बाजारांत १५०. ७० चे १५०, म्हणजे ११४ टक्के वर. दहा वाजता खुला बाजार सुरू झाल्यावर शेअर पुढे चढत १६५ च्या आसपास गेला. ते त्या दिवसाचं १० टक्क्यांचं वरचं सर्किट होतं. तिथेच अडकून दिवस संपला. बंद भावही तिथेच.

संध्याकाळी आई म्हणाली, "पंधरा रुपये गेले ना रे." मी म्हटलं, "आई, पंधरा नाही, ऐंशी मिळाले." तिला ते पटलं नाही. दोन दिवसांनी शेअर १८८ पर्यंत गेल्यावर तर माझं घरात ऐकून घेणारं कोणी उरलं नाही. पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत असेल. वर्षभराने भाव १५० च्या बराच खाली होता. घराला रंग लागला. मित्राने ते १०० शेअर्स अजून धरून ठेवलेत आणि माझ्याशी या विषयावर तो बोलत नाही.

लिलावाने एकच भाव दिला म्हणजे तो 'खरा' भाव असतो असं नाही, हे इथे सांगून ठेवतो. त्या सकाळी जे लोक आले होते, जितक्या उत्साहाने आले होते, त्यांच्यापुरता तो भाव. उत्साह सगळ्यांचाच जास्त असेल तर लिलाव तो उत्साह प्रामाणिकपणे मोजतो, इतकंच. फक्त एका घाई झालेल्या माणसाची लहर सगळ्यांच्या डोक्यावर बसत नाही.

आता दुसरं टोक, दुपारचे साडेतीन.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हे पाहिलं असेल. ३:३० ला अॅपवर एक भाव दिसतो, आणि थोड्या वेळाने बघावं तर 'क्लोज' वेगळाच. मला सुरुवातीला वाटायचं अॅपमध्येच घोळ आहे. मी एकदा चिडून तक्रारही लिहिली होती, नशीब पाठवली नाही. घोळ नसतो. दिवसाचा शेवटचा सौदा म्हणजे बंद भाव नव्हे. बंद भाव म्हणजे ३ ते ३:३० या अर्ध्या तासातल्या सगळ्या सौद्यांची सरासरी, आणि तीही साधी नाही तर किती शेअर्सचे सौदे झाले त्याचं वजन धरून.

समजा त्या अर्ध्या तासात ९०० शेअर्स १०० रुपयांनी विकले गेले आणि अगदी शेवटच्या मिनिटाला कुणीतरी १०० शेअर्स ११० ने घेतले. स्क्रीनवर शेवटचा भाव ११० दिसेल. पण सरासरी काढा: ९०,००० अधिक ११,०००, भागिले १,०००. आली १०१. बंद भाव १०१. दुसऱ्या दिवशी शेअर १०८ ला उघडला तर अॅप म्हणेल, जवळपास ७ टक्के वर. आणि तुम्ही म्हणाल, काल तर ११० होता, हा पडला की चढला? दोघेही बरोबर, दोघांचं 'काल' वेगळं. आणि त्या अर्ध्या तासात एकही सौदा झाला नसेल, तर दिवसातला शेवटचा सौदा हाच बंद भाव धरतात.

सरासरी का घेतात हे उदाहरणातूनच दिसतं. शेवटच्या मिनिटाला थोडेसे पैसे टाकून भाव दहा रुपये वर नेता येतो, पण अर्ध्या तासाची सरासरी तेवढ्याच पैशात हलते एक रुपया. आणि बंद भावावर टांगलेल्या गोष्टी बघा. तुमची एसआयपी आहे ना? फंडाची त्या दिवसाची एनएव्ही त्याच्याकडचे शेअर्स बंद भावाने मोजून निघते. वायद्याची दैनंदिन देणी-घेणी, मार्जिन, निर्देशांकाचा बंद आकडा, सगळं त्यावर.

पण सरासरीतही चोरवाट असतेच. थोडे पैसे नाही, प्रचंड पैसे असतील तर अर्धा तासही ढकलता येतो. जुलै २०२५ मध्ये सेबीने जेन स्ट्रीट या अमेरिकी कंपनीविरुद्ध जो अंतरिम आदेश काढला, त्यातला एक आरोप याच जातीचा आहे: ऑप्शन्सचा निकाल लागण्याच्या दिवशी शेवटच्या टप्प्यात मोठे सौदे करून निर्देशांकाचा बंद आकडा आपल्याला हवा तिकडे झुकवल्याचा. कंपनीने आरोप नाकारले आहेत आणि प्रकरण अजून लढलं जातंय, त्यामुळे त्यावर इथेच थांबतो.

दुसरी अडचण कमी नाट्यमय आहे, पण मला ती जास्त रोचक वाटते. सरासरी हा असा भाव आहे, ज्याला तुम्ही सौदा करू शकत नाही. ती निघते ३:३० नंतर, तोवर बाजार संपलेला असतो. निर्देशांकाची नक्कल करणाऱ्या फंडाला एखाद्या दिवशी ठराविक शेअर बंद भावालाच घ्यायचा असतो. मग तो अर्धा तास थोडं थोडं घेत राहतो आणि देवाचं नाव घेतो. ३:४० ते ४ एक सत्र असतं, तिथे बंद भावाने सौदे होतात, पण समोर कुणी विकणारा उभा हवा ना. बहुतेक वेळा तिथे सामसूम असते.

यावर जगातल्या बहुतेक मोठ्या बाजारांचा उपाय म्हणजे सकाळसारखाच लिलाव संध्याकाळीही घ्यायचा. ऑगस्ट २०२५ मध्ये सेबीने चर्चेसाठी मसुदा काढला: आधी वायदा असलेल्या शेअर्ससाठी, ३:१५ ते ३:३५ अशी वीस मिनिटं. सगळ्या ऑर्डरी गोळा करायच्या, एकच भाव काढायचा, तोच बंद भाव आणि त्याच भावाला सौदेही. मी हे रेकॉर्ड केलं तेव्हा, २०२५ च्या दिवाळीनंतर, तो अजून मसुदाच होता.

आठवतंय का, जून १९९९? तेव्हा एनएसईवरून दोन लिलाव गेले होते. सकाळचा अकरा वर्षांनी परत आला. संध्याकाळचा पंचवीस वर्षं उलटली तरी २०२५ मध्ये दारातच उभा होता. हे मी काकांना सांगितलं. ते आता सत्तरीचे आहेत, मोबाईलवर रोज प्री-ओपन बघतात. म्हणाले, "संध्याकाळचा आला तर तुझ्या आईला सांग, शेवटच्या मिनिटाला ऑर्डर टाकू नको. आणि लिमिट लिहायची."

आईने आतून ऐकलं. "मी लिहितेच," ती म्हणाली. "तुम्ही त्या मित्राला सांगा."